पंधरावा पर्सेंटाइल म्हणजे नापास नव्हे

वर्षाच्या मुलीचं वजन ७.९ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर हा ठिपका पंधराव्या पर्सेंटाइलच्या रेषेवर पडतो. म्हणजे याच वयाच्या शंभर निरोगी मुलींत साधारण पंधराजणी तिच्याहून हलक्या. हे काही परीक्षेतले गुण नव्हेत. सहाव्या महिन्यात ती ६.४ किलो, म्हणजे याच रेषेवर असेल, तर तिची वाढ सुरळीत चालली आहे.

दुसरी मुलगी सहाव्या महिन्यात ८.३ किलो, पंच्याऐंशीव्या रेषेवर होती. वर्षाची होताना ८.९, अगदी मधल्या रेषेवर. घरचे खूश! पण सहा महिन्यांत वाढ फक्त ६०० ग्रॅमची. आधी वजन पुन्हा, कपडे काढून घ्यावं. उतार खरा निघाला तर आहार, आजारपणं आणि उंची डॉक्टरांनी तपासावी. वजनाचा एकटा ठिपका यातलं काहीच सांगत नाही.