मिनार तोच, दगड मात्र जवळून

भारत मंडपममधल्या 2026 च्या एआय परिषदेनंतर दिल्लीतल्या मंडळांची पोस्टरंही एआयवर होऊ लागली आहेत. मोबाइलवर ती झकास दिसतात. छापली की दगड मेणाचा वाटतो. कारण साधं आहे. 1024 पिक्सेल रुंदीचं चित्र नीट छापायचं तर जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर पुरतं. ए-थ्री पोस्टरला ते चौपट, म्हणजे 4096 पिक्सेल करावं लागतं.

आमच्या मंडळाच्या पोस्टरवर कुतुबमिनार होता. चित्र मोठं करताना मी मूळ प्रॉम्प्टच पुन्हा चिकटवला: कुतुबमिनार, ढगाळ आकाश, हिरवळ, पर्यटक. निकाल पाहून हबकलोच. आकाशात तीन पुसट मिनार उगवले होते आणि दगडांच्या सांध्यांतून चेहरे डोकावत होते.

स्टेबल डिफ्यूजनसारख्या साधनात मोठं चित्र बहुधा तुकड्यातुकड्यांनी रंगवलं जातं, आणि प्रत्येक तुकड्याला तोच प्रॉम्प्ट मिळतो. ज्या तुकड्यात नुसतं आकाश आहे, त्यालाही ‘मिनार काढ’ असाच हुकूम जातो. म्हणून चित्र मोठं करण्याच्या या शेवटच्या फेरीच्या प्रॉम्प्टमधून वस्तूंची नावं वगळायची. काय आहे ते चित्र स्वतःच सांगतं. आपण फक्त पोत आणि उजेड सांगायचा. मी दुसऱ्यांदा एवढंच लिहिलं:

```
weathered red sandstone, fine chisel marks,
thin mortar joints, matte surface,
soft overcast light
```

उजेडाचे शब्द मूळ चित्राशी जुळलेच पाहिजेत. ढगाळ चित्राला ‘सोनेरी ऊन’ म्हटलंत तर सावल्या हलतात. आकाश आणि हिरवळ मी या फेरीत झाकून ठेवली, नाहीतर ढगांवरही छिन्नीचे घाव उमटले असते.

पण शब्द कितीही नेमके असले तरी डिनॉइझिंग स्ट्रेंग्थचा आकडा चुकला की सगळं वाया. पहिल्यांदा मी तो 0.5 ठेवला होता. एवढ्या मोकळिकीत साधन नवं चित्र काढू लागतं. 0.1 ला दगड मेणाचाच राहिला. 0.25 ला छिन्नीचे घाव उमटले आणि मिनार जागचा हलला नाही. कंट्रोलनेटचं टाइल मॉडेल जोडलं तर आकडा थोडा वाढवता येतो.

पडताळणी डोळ्यांवर सोडू नका. मोठं चित्र पुन्हा 1024 वर आणा, मूळ चित्रावर ठेवा आणि लेयर ‘डिफरन्स’वर टाका. काळ्या पडद्यावर बारीक रवा दिसला तर ठीक. कडांच्या उजळ रेघा दिसल्या तर आकार सरकला आहे.

एक गोष्ट मात्र या फेरीला जमत नाही. मिनारावरच्या अरबी लेखांच्या पट्ट्या ती वाचत नाही. अक्षरांसारखी दिसणारी वेलबुट्टी काढते, आणि अरबी जाणणाऱ्याला ते लगेच खटकतं. इथे प्रॉम्प्ट सुधारत बसू नका. मेहरौलीला जा, त्या पट्टीचा फोटो काढा आणि तोच वापरा.