फ्रीझर घ्यावा की एफडी राहू द्यावी?

तालुक्याच्या गावातलं एक किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. मालकाच्या नावावर बँकेत काही एफडी आहे आणि दुकानात डीप फ्रीझर घ्यायचा विचार चालला आहे. आइस्क्रीम कंपनी स्वतःचा फ्रीझर द्यायला तयार आहे, पण त्यात फक्त तिचाच माल ठेवायचा ही तिची अट. मालकाला मटार, पनीर, दोन-तीन कंपन्यांची आइस्क्रीम असं सगळं ठेवायचं आहे, म्हणून फ्रीझर स्वतःचाच हवा. स्टॅबिलायझरसकट खर्च ६०,००० रुपये. रोजची विक्री साधारण ५०० रुपयांनी वाढेल आणि त्यात वर्षाला ३०,००० रुपये सुटतील, असा त्याचा अंदाज. व्यापारी दराने लाइटबिल १२,००० आणि दुरुस्ती व वितळलेला माल मिळून ३,००० वजा केले की हाती १५,००० उरतात. पाच वर्षांनी जुना फ्रीझर ८,००० ला जाईल.

तोंडी हिशेब सोपा आहे. पाच वर्षांचे ७५,००० आणि वर ८,०००, म्हणजे ८३,०००. घातले ६०,०००, सुटले २३,०००. पण बहुतेक दुकानदार इथे थांबत नाहीत. त्यांच्या तोंडी लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘हेच पैसे बँकेत ठेवले तर?’ अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला वटाव दर म्हणतात, म्हणजे उद्याच्या रुपयाची आजची किंमत काढायचा दर, तोच या प्रश्नात आहे. दुकानदाराने त्यासाठी एफडीचा दर धरला, एवढंच.

एफडीला ७ टक्के मिळतात असं धरू. मग वर्षभराने येणाऱ्या १५,००० ची आजची किंमत १४,०१९ होते, कारण आज तेवढे बँकेत टाकले तर वर्षाने बरोबर १५,००० होतील. दुसऱ्या वर्षाच्या १५,००० साठी १.०७ ने दोनदा भागायचं, म्हणजे १३,१०२. याच रीतीने पुढे १२,२४४, ११,४४३ आणि १०,६९५. पाचांची बेरीज ६१,५०३ आणि जुन्या फ्रीझरच्या ८,००० ची आजची किंमत ५,७०४. एकूण ६७,२०७. म्हणजे खरी कमाई २३,००० नव्हे, ७,२०७. बाकीचे जवळजवळ १६,००० हे नुसतं थांबण्याचं भाडं आहे. ते बँकेनेही दिलं असतं, आणि दुकानात भर उन्हाळ्यात लाइट गेल्यावर धावपळ न करता दिलं असतं.

इथपर्यंत एफडीचा दर चोख काम करतो. तो कोणत्याही दुकानदाराला पाठ असतो, बँकेच्या दारावर लिहिलेला असतो, आणि मुख्य म्हणजे पैसा खरोखरच तिथे जाऊ शकतो. फक्त मुदत जुळली पाहिजे. पाच वर्षांच्या फ्रीझरला पाच वर्षांच्या ठेवीचा दर लावायचा, वर्षाच्या ठेवीचा नाही. आणि दर मोठ्या, भरवशाच्या बँकेचा घ्यायचा. एखादी पतसंस्था दीड-दोन टक्के जास्त देते तेव्हा त्यातला काही भाग धोक्याचा मोबदला असतो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, २०२० पासून ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. विमा असूनही पैसा अडकू शकतो हे मुंबईतल्या अनेक दुकानदारांना तेव्हा कळलं.

आता खरी अडचण. एफडीचा दर फक्त थांबण्याची किंमत सांगतो. फ्रीझरचे १५,००० येतील की नाही याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. बँकेचे व्याज लिहून दिलेलं असतं, आइस्क्रीमचं गिऱ्हाईक कुणी लिहून देत नाही. वरच्या हिशेबात कमाई किती घटली तर सगळं पाण्यात जाईल हे काढून पाहिलं, तर उत्तर येतं वर्षाला १,७५८ रुपये. म्हणजे दिवसाला पाच रुपयेसुद्धा नाहीत. अवकाळी पावसाचा एक उन्हाळा किंवा समोरच्या गाळ्यात नवीन डेअरी एवढ्यानेही ते होऊन जाईल.

यावर पुष्कळ जण दरच वाढवून टाकतात. धंद्यात धोका आहे ना, मग ७ ऐवजी १२ धरा. १२ टक्क्यांनी तोच फ्रीझर ५८,६११ चा ठरतो, म्हणजे १,३८९ चा तोटा. उत्तर सावध आहे, पण १२ कुठून आले? १५ का नाहीत? मला हा मार्ग फारसा पटत नाही. दरात धोका मिसळला की तो किती आणि कशाचा हे दिसेनासं होतं. शिवाय वाढवलेला दर दूरच्या वर्षांना फार कापतो आणि जवळच्या वर्षांना कमी. फ्रीझरचा धोका मात्र बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात सर्वांत मोठा असतो, कारण गिऱ्हाईक येणार का हेच तेव्हा ठाऊक नसतं.

त्यापेक्षा दर ७ च ठेवावा आणि धोका कमाईच्या आकड्यात मोजावा. चांगल्या वर्षी १८,०००, मध्यम वर्षी १५,००० आणि वाईट वर्षी ६,००० सुटतील आणि तिन्हींची शक्यता सारखी आहे असं मालकाला वाटत असेल, तर सरासरी १५,००० नाही, १३,००० आहे. दुकानदार ‘अंदाजे’ म्हणून जो आकडा सांगतो तो बहुधा मध्यम वर्षाचा असतो आणि वाईट वर्ष त्यात धरलेलंच नसतं. १३,००० धरून ७ टक्क्यांनी आजची किंमत येते ५९,००७. आता फ्रीझर घेऊ नये असंच उत्तर येतं, आणि का येतं तेही समजतं. मालक मग नेमका प्रश्न विचारू शकतो. वाईट वर्षाची शक्यता खरंच तीनात एक आहे का? एक उन्हाळा जुना फ्रीझर भाड्याने आणून पाहता येईल का?

दर आपोआप धोका मोजत नाही याचा पुरावा २०२० साली मिळाला. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला आणि मोठ्या बँकांच्या लांब मुदतीच्या एफडी साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरल्या. केवळ एफडीचा दर धरणाऱ्याला तेव्हा फ्रीझर आणखी फायद्याचा दिसला असता. प्रत्यक्षात दुकान दिवसातून किती तास उघडं ठेवता येईल याचाही भरवसा नव्हता.

दुसरी मर्यादा पैसा कुठून येतो त्याची. ७ टक्के हा दर त्याच दुकानदाराचा, ज्याच्याकडे इतर सगळं भागवून पैसा उरतो. बहुतेक किराणा दुकानांत तो उरत नाही, होलसेलरकडे अडकलेला असतो. समजा, होलसेलर १०,००० च्या मालावर २१ दिवसांची उधारी देतो, पण रोख दिले तर २ टक्के सोडतो. रोख ९,८०० देणाऱ्याचे २१ दिवसांत २०० रुपये वाचतात. तेच ९,८०० बँकेत २१ दिवस ७ टक्क्यांनी ठेवले असते तर ४० रुपयेही मिळाले नसते. वर्षाच्या हिशेबाने त्या २०० चा दर ३५ टक्क्यांच्या घरात जातो. जो दुकानदार पैसे नाहीत म्हणून हा कॅश डिस्काउंट सोडतो आहे, त्याच्यासाठी एफडीचा दर हा हिशेबाचा दर नव्हेच. त्याचा दर ३५ आहे, आणि त्या दराने फ्रीझरचा विचारही करू नये.

पण ३५ टक्के कायमचे धरणंही चूक. सगळ्या होलसेलरांची बिलं रोखीत भागू लागली की पुढच्या रुपयाला तिथे काम उरत नाही, आणि मग तो खरोखर एफडीकडेच जातो. हे वर्षाच्या आतही बदलतं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत माल भरायला पैसा कमी पडतो, तेव्हा रुपया महाग. दिवाळीची वसुली झाली की गल्ला सैल होतो, तेव्हा स्वस्त. फ्रीझरचा हिशेब भाद्रपदात आणि पौषात वेगळा येतो, आणि दोन्ही वेळा तो बरोबर असू शकतो.

कर्जावर चालणाऱ्याचा प्रश्न वेगळा नाही. बँकेचं सीसी ११ टक्क्यांनी असेल तर ११ धरायचे. १५,००० चीच आशा धरली तरी फ्रीझर जेमतेम बरोबरीत सुटतो. रोजच्या वसुलीवर ९,००० घेऊन शंभर दिवस रोज १०० भरणाऱ्याचा दर मात्र वर्षाला सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात असतो. त्याने आधी ते फेडावं. त्याहून किफायतशीर काही दुकानात मिळणार नाही.

करांचं एकच सांगणं. एफडीचं व्याज उत्पन्नात धरलं जातं आणि दुकानाचा नफाही. त्यामुळे दोन्ही बाजू कर भरण्यापूर्वीच्या घ्याव्यात किंवा दोन्ही नंतरच्या. महागाईचंही तसंच. ७ टक्क्यांत महागाई आलेली असते, म्हणून आइस्क्रीमचे आणि विजेचे दर वाढतील ती वाढ कमाईतही धरावी. पाचही वर्षं १५,००० च लिहिणं थोडं कंजूषपणाचं आहे.

एफडीचा दर सगळ्यात चपखल बसतो तो गाळ्याच्या डिपॉझिटच्या प्रश्नात. गाळेमालक म्हणतो, १ लाख डिपॉझिट आणि महिना १२,००० भाडं, किंवा ५ लाख डिपॉझिट आणि ९,००० भाडं. जादा ४ लाखांवर वर्षाला ३६,००० वाचतात, म्हणजे ९ टक्के. बँक २८,००० देईल. कमाई लेखी ठरलेली आहे, ती आइस्क्रीमसारखी हवेवर अवलंबून नाही. उरतात वर्षाचे ८,०००, तीन वर्षांचे २४,०००. आता ४ लाखांशी हे २४,००० लावून पाहा. डिपॉझिट बुडण्याची शक्यता शंभरात सहाहून जास्त वाटत असेल तर कमी भाडं महागात पडेल. करार नोंदवून घ्यावा, त्यात रक्कम स्पष्ट लिहावी, आणि सही करण्याआधी शेजारच्या गाळ्यांत फिरून आधीच्या भाडेकरूंना डिपॉझिट किती दिवसांनी परत मिळालं, ते विचारून यावं.