बोटावरचा ऑक्सिमीटर आणि मनगटावरची नाडी

२०२० च्या जानेवारी महिन्यात मुंबईतील कोरोनाचे पहिले संशयित रुग्ण आमच्या चिंचपोकळीतील कस्तुरबा रुग्णालयात येऊ लागले, तेव्हा बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर या परिसरातील चाळींत कोणाच्याही घरी नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या शासकीय मोहिमेत स्वयंसेवक तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरले. आज बहुतेक घरांत हे यंत्र कपाटात पडलेले असते. साथ ओसरली, यंत्र मात्र राहिले, आणि दम्याच्या वा हृद्रोगाच्या रुग्णाचे नातेवाईक आता रात्री-अपरात्री दूरध्वनीवरून आपल्याला आकडा सांगतात. ‘वैद्यबुवा, शहाऐंशी दाखवतंय, काय करू?’ या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी तो आकडा खरा आहे काय, हे ठरवावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यत्वे तेवढाच आहे.

यंत्राचे तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. बोटाच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडले जातात व दुसऱ्या बाजूस ते मोजले जातात. प्राणवायूयुक्त रक्तकण लाल प्रकाश कमी शोषतात, प्राणवायूरहित अधिक शोषतात. त्वचा, मांस, नख हेही प्रकाश शोषतातच. परंतु त्यांचे शोषण स्थिर असते, तर धमनीतील रक्ताचे शोषण प्रत्येक ठोक्याबरोबर कमी-अधिक होते. यंत्र केवळ हा बदलता भाग वेगळा काढते आणि दोन्ही प्रकाशांतील त्याच्या प्रमाणावरून आकडा ठरवते. म्हणजे ज्याला यंत्र प्राणवायूचे मोजमाप म्हणते, त्याचा पाया नाडी हाच आहे. यंत्राला नाडी नीट सापडली नाही, तर पुढचा आकडा निराधार ठरतो.

म्हणूनच पडद्यावर दोन आकडे असतात. SpO2 पुढचा आकडा प्राणवायूची टक्केवारी, PRbpm पुढचा आकडा दर मिनिटाची नाडीसंख्या. रुग्ण पहिलाच वाचतो. आपण दुसरा आधी वाचावा. मनगटावर आपली बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी आणि पडद्याशी ताडून पाहावी. फरक दहापेक्षा अधिक असेल, तर प्राणवायूचा आकडा कागदावर लिहूच नये. नाडीपरीक्षेचा सराव असलेल्या वैद्याला यासाठी वेगळे काही शिकावे लागत नाही. घरातील एका व्यक्तीला मात्र मनगटावरील ठोके घड्याळ लावून मोजण्यास अवश्य शिकवावे. नाडी जुळली म्हणजे आकडा बरोबरच, असे नाही. पण नाडी जुळली नाही तर तो विश्वासार्ह नाही, हे निश्चित.

एक उदाहरण सविस्तर देतो. गिरणीतून निवृत्त झालेले एकाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ, अनेक वर्षे विडी ओढलेली, श्वासनलिकांचा जुना अवरोध असलेले, माझ्याकडे नियमित येतात. स्थिर अवस्थेत त्यांचा आकडा ९३ असतो आणि तो मी त्यांच्या कार्डावर लिहून ठेवला आहे. डिसेंबरातील एका पहाटे सूनबाईंचा दूरध्वनी आला : ‘शहाऐंशी.’ मी विचारले, खालचा आकडा किती? ‘बावन्न.’ मनगटावर मोजा म्हटले. त्यांनी मोजले, ते शहाण्णव भरले. गृहस्थ नुकतेच थंड पाण्याने हातपाय धुऊन आले होते, बोटे गार होती आणि हात थरथरत होता. हात कोमट पाण्यात धरून, पुसून, पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा पाहण्यास सांगितले. पडद्यावर नाडी ९४ आली, प्राणवायू ९२.

येथे ८६ हाच आकडा का आला, हे जाणून घेण्यासारखे आहे. हात हलला वा रक्ताचा प्रवाह क्षीण झाला, की दोन्ही प्रकाशांचे बदल सारखेच दिसू लागतात. त्यांचे प्रमाण एकास एक होते, आणि यंत्राच्या कोष्टकात त्या प्रमाणापुढे साधारण ८५ हा आकडा लिहिलेला असतो. बोलत-चालत असलेल्या रुग्णाच्या यंत्रावर एकाएकी ८५ च्या आसपास आकडा घुटमळू लागला, तर प्रथम यंत्राची आणि बोटाची शंका घ्यावी.

पण शंका घेऊन थांबू नये. याच गृहस्थांना चार दिवसांनी ताप आला. सकाळी ९१, दुपारी ९०, रात्री ८८. तिन्ही वेळा नाडी मनगटाशी जुळत होती आणि रात्री ती ११२ झाली होती. श्वसनसंख्या २८ होती, आणि वाक्य मध्येच तुटत होते. या वेळी मी बोट गरम करण्यात वेळ घालवला नाही. १०८ वर रुग्णवाहिका मागवली. रुग्णालयात फुप्फुसदाहाचे निदान झाले आणि नवव्या दिवशी ते घरी आले. पहिल्या पहाटेचा ८६ फसवा होता, चौथ्या रात्रीचा ८८ खरा होता. केवळ आकड्याकडे पाहणाऱ्याने दोन्ही वेळा चूक केली असती.

घरी मोजण्याची रीत अशी सांगावी. रुग्णाने पाच मिनिटे शांत बसावे. नखावर रंग वा ताजी मेंदी नसावी, विशेषतः काळी मेंदी. लग्नसराईत ही अडचण नेहमी येते. अशा वेळी दुसरे बोट, तेही रंगलेले असेल तर यंत्र बोटावर आडवे फिरवून पाहावे. हात छातीशी, हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, तर्जनी वा मध्यमा यंत्रात शेवटपर्यंत गेलेली असावी. खिडकीतील थेट उन्हात मोजू नये. त्याच हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला नसावा. पट्टा फुगला की नाडी थांबते आणि आकडा कोसळतो. यंत्र सुरू केल्यावर निदान एक मिनिट ठेवावे. पहिल्या काही सेकंदांत उमटणारा आकडा सोडून द्यावा आणि पाच सेकंद न बदललेला आकडा वेळेसह वहीत लिहावा. आजारपणात दिवसातून तीनदा पुरे. दर पाच मिनिटांनी यंत्र लावणारे नातेवाईक रुग्णापेक्षा स्वतःच अधिक घाबरतात.

आता आकड्यांचा अर्थ. फुप्फुसाचा जुना विकार नसलेल्या प्रौढात ९५ वा अधिक हे स्वाभाविक. ९३-९४ आले तर रीतसर पुन्हा मोजावे, आणि तेवढेच राहिल्यास त्याच दिवशी रुग्णास तपासावे. ९२ वा खाली असेल तर रुग्णालय. ९० च्या खाली असेल तर विनाविलंब १०८. या उतरंडीत ९० ला एवढे महत्त्व असण्याचे कारण असे की, रक्तातील प्राणवायूचा दाब बराच उतरेपर्यंत टक्केवारी वरच रेंगाळते, आणि ९० च्या खाली मात्र दाब थोडा कमी झाला तरी ती झपाट्याने घसरते. ९८ वरून ९३ वर येण्यास दोन दिवस लागलेल्या रुग्णास ८९ वरून ८० वर येण्यास काही तासही पुरतात.

घरगुती यंत्रात दोन ते चार टक्क्यांची चूक असू शकते, हेही ध्यानी ठेवावे. सावळ्या व काळ्या त्वचेत ही चूक बहुधा प्रत्यक्षापेक्षा अधिक आकडा दाखवण्याकडे झुकते. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, यंत्राने न पकडलेली प्राणवायूची न्यूनता कृष्णवर्णीय रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. म्हणून एखाद्या एकट्या आकड्यापेक्षा त्याच यंत्रावर, त्याच बोटावर दिसणारी घसरण अधिक बोलकी असते. जुन्या श्वासविकाराच्या रुग्णास ९५ चा नियम लागूच करू नये. त्याचा स्थिर अवस्थेतील आकडा कार्डावर लिहून द्यावा आणि त्यापेक्षा तीन वा अधिक टक्के उतरल्यास कळवण्यास सांगावे. अशा काही रुग्णांत ८८ ते ९२ हेच लक्ष्य असते. घरातील सिलिंडर मोठा करून आकडा ९८ वर नेण्याचा उत्साह त्यांच्यात घातक ठरतो, कारण रक्तात कर्बवायू साचून रुग्ण गुंगीत जातो, आणि यंत्र तो वायू मोजत नाही. पडद्यावर आकडा उत्तम, रुग्ण मात्र झोपाळू, असे दिसले तर रुग्णालयच गाठावे.

विश्रांतीतील आकडा किती फसवतो, हे मी २०२१ च्या एप्रिलमध्ये शिकलो. चाळीतील एका चव्वेचाळीस वर्षांच्या रुग्णाचा आकडा पलंगावर ९६ होता आणि मी निश्चिंत झालो. पत्नी सांगत होती की, गॅलरीच्या टोकाच्या शौचकूपापर्यंत जाऊन आले की धाप लागते. मी ते अशक्तपणावर ढकलले. दुसऱ्या दिवशी तिने परतल्या-परतल्या यंत्र लावले, तर ९०. एक दिवस माझ्यामुळे गेला. रुग्ण वाचला, पण तो दिवस मी विसरलेलो नाही. त्याच महिन्यात राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटे चालण्याची चाचणी सुचवली होती. सपाट जागेवर सहा मिनिटे, साठीपुढील व्यक्तीने तीन मिनिटे, नेहमीच्या गतीने चालावे. आकडा ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा अधिक उतरला किंवा दम लागला, तर रुग्णालय. विश्रांतीतच ज्याचा आकडा ९४ च्या खाली आहे वा ज्याला बसल्या जागी दम आहे, त्याला ही चाचणी करावयास लावू नये. जुन्या श्वासविकारी रुग्णाची ती घरी न करता आपल्यासमोरच करावी.

दोन प्रसंगी यंत्र पूर्णतः आंधळे असते. पहिला प्रसंग बंद न्हाणीघरातील गॅस गिझरचा वा बंद खोलीतील शेगडीचा. तेथील विषारी कार्बन मोनॉक्साइड रक्तकणांना चिकटला की यंत्रास ते प्राणवायूयुक्तच भासतात आणि बेशुद्ध माणसाच्या बोटावर ९९ दिसते. दुसरा प्रसंग पांडुरोगाचा. रक्तकण निम्मे असले तरी असलेले सगळे भरलेले असतात. आकडा १०० आणि रुग्ण जिना चढू शकत नाही.

आकडा काहीही असो, ओठ वा जीभ निळसर, वाक्य पूर्ण न होणे, मिनिटाला तीसच्या घरात श्वास, छातीत वेदना, भ्रम वा गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास यंत्र बाजूला ठेवावे. महाश्वास, ऊर्ध्वश्वास आणि छिन्नश्वास ओळखण्यास चरकांना पडद्याची गरज लागली नव्हती. दीड-दोन वर्षांच्या बालकास तर मोठ्यांचे यंत्र लावूच नये. बोट त्यात बसत नाही आणि प्रकाश बाजूने निसटतो.

औषधविक्रेत्या मित्रांना एवढेच : वेष्टनावर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक व कमाल किंमत पाहूनच माल घ्यावा. विक्री करताना ग्राहकाच्या बोटाला यंत्र लावून त्याची मनगटावरील नाडी पडद्याशी जुळवून दाखवावी. दोन मिनिटांचे काम आहे. नाडी जुळत नसेल तर सेल बदलून पाहावे. तरीही जुळली नाही, तर ते यंत्र परत पाठवावे.