औपचारिक ईमेलमधील इमोजी आणि मुद्रितशोधकाची लेखणी

मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ व १९७२ चे शुद्धलेखनविषयक नियम आपल्या परिचयाचे आहेत. त्या अठरा नियमांत अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, सामान्यरूपे यांचा विचार आहे. कार्यालयीन ईमेलमध्ये वाक्याच्या अखेरीस हसरा चेहरा आला तर काय करावे, याचे उत्तर तेथे मिळत नाही. अनेक मुद्रितशोधक हा प्रश्न एका फटक्यात सोडवतात: चिन्ह दिसले की काटले. ही घाई का टाळावी, ते पाहू.

१९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन यांनी संगणकावरील संदेशांत विनोद ओळखता यावा म्हणून :-) ही खूण सुचविली. थट्टेने लिहिलेले वाचणारे गंभीरपणे घेत होते. स्माइलीचा जन्म सजावटीसाठी झालेला नाही. बोलण्यात आवाज जो सूर देतो, तो लेखनात दाखविण्यासाठी झाला. तिचे नाते चित्रापेक्षा उद्गारचिन्हाशी अधिक जवळचे आहे. (‘इमोजी’ हा शब्द मात्र जपानी आहे: ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. ‘इमोशन’शी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे.)

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. हिंगणघाट तालुक्यातील एका शिक्षिकेने वर्ध्याच्या कार्यालयाला पाठवायचा मजकूर आपल्याकडे तपासण्यासाठी दिला आहे:

‘महोदय, 🙏 माझा वेतननिश्चितीचा प्रस्ताव ३ जून रोजी सादर केला आहे. त्याबाबत अद्याप काही कळलेले नाही 🙂 सेवापुस्तकाची प्रत सोबत जोडली आहे 👍’

तिन्ही चिन्हे एकाच जातीची दिसतात; काम मात्र प्रत्येकाचे वेगळे आहे. जोडलेले हात येथे नमस्काराचे आहेत. आपल्या पत्रलेखनात ‘स. न. वि. वि.’ जे काम करीत आले, तेच हे चिन्ह करते. ‘महोदय’ हे संबोधन आधीच असल्यामुळे ते काढल्याने पत्राचे काही बिघडत नाही. फार तर ‘सादर नमस्कार’ असे लिहावे. अंगठ्याचे चिन्हही काढावे, पण कारण निराळे आहे: त्याचा अर्थ निश्चित नाही. ‘प्रत जोडली’ एवढेच सांगायचे आहे की ‘सर्व पूर्तता झाली’ असे? कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात जवस खरेदीच्या करारावर एका शेतकऱ्याने केवळ अंगठा पाठविला होता. ‘करार मिळाला एवढेच मला म्हणायचे होते,’ असा त्याचा बचाव होता. २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंगठा स्वाक्षरीसमान मानला आणि त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यावी लागेल, असा निकाल दिला.

खरी अडचण मधल्या हसऱ्या चेहऱ्याची आहे. तो काढून वाक्य पुन्हा वाचा: ‘त्याबाबत अद्याप काही कळलेले नाही.’ आता ही सरळ तक्रार झाली. लेखिकेला तक्रार करायची नव्हती, नम्रपणे आठवण द्यायची होती. ती नम्रता शब्दांत नव्हती, चिन्हात होती. ते काटले तर आपण चूक दुरुस्त केली नाही, सूर बदलला, आणि तोही तिच्या सहीखाली. उलट चिन्ह तसेच ठेवले, तर अपरिचित अधिकाऱ्याला त्यात उपरोध दिसू शकतो. म्हणून येथे चिन्हाचे काम शब्दांवर सोपवावे: ‘प्रस्तावाची सद्यःस्थिती कळविल्यास आभारी होईन.’ पण ही पुनर्रचना आहे, मुद्रितशोधन नव्हे. म्हणून ती परस्पर न करता समासात प्रश्नचिन्हासह सुचवावी आणि निर्णय लेखिकेवर सोडावा. चिन्ह निघाल्यावर रिकाम्या जागी पूर्णविराम द्यायला विसरू नये. वरील मजकुरात दोन वाक्ये त्याविना संपली आहेत.

एका फसव्या जागेचीही ओळख असू द्या. वाक्याच्या अखेरीस J असे एकटे रोमन अक्षर दिसले, तर ती टंकनाची चूक समजू नका. आउटलुकच्या अनेक आवृत्त्या :-) टंकित होताच त्याचे रूपांतर विंगडिंग्ज फॉन्टमधील हसऱ्या चेहऱ्यात करतात. त्या फॉन्टमध्ये तो चेहरा J च्या जागी बसविलेला आहे. मजकूर साध्या स्वरूपात उघडला किंवा दुसऱ्या फॉन्टमध्ये गेला की चेहरा जातो आणि अक्षर उरते. L दिसल्यास तो दुःखी चेहरा असतो. हे अक्षर छापील प्रतीत राहू देऊ नये, पण काटण्यापूर्वी तेथे हसू होते की नाराजी, हे ध्यानात घेऊन वाक्याचा सूर तपासावा.

हे सर्व पाठवायच्या मजकुराला लागू आहे. आधीच पाठविलेला ईमेल अहवालात, चौकशीच्या कागदपत्रांत किंवा प्रबंधात उद्धृत होत असेल, तर त्यातील इमोजी, J आणि अशुद्ध ऱ्हस्व-दीर्घसुद्धा जसेच्या तसे ठेवावेत.