लायसन्सवरचं एक जादा अक्षर

लायसन्सवर नावाचं स्पेलिंग चुकलं, की अर्ज कसा लिहायचा हे चूक कुणाची यावर ठरतं. म्हणून आधी अर्ज भरताना मिळालेली पावती किंवा प्रत शोधा. तिथे नाव बरोबर असेल, तर चूक नोंदीतली आहे; तिथेच चुकलं असेल, तर ती तुमची.

समजा, 'कुलकर्णी'च्या इंग्रजी स्पेलिंगात 'आर'नंतर जादा 'ए' पडला आहे. पत्र प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांच्या नावे, विषय एका ओळीत: 'वाहन चालवण्याच्या अनुज्ञप्तीवरील आडनावाच्या स्पेलिंगमध्ये दुरुस्ती'. पुढे लायसन्स क्रमांक, जन्मतारीख, छापलेलं नाव आणि हवं असलेलं नाव, दोन्ही मोठ्या इंग्रजी अक्षरांत, एकाखाली एक. मग एवढंच वाक्य: 'माझ्या नावात बदल झालेला नसून ही केवळ लेखनातील चूक आहे.' हे वाक्य गाळू नका. लग्नानंतरचा किंवा राजपत्रातून केलेला नावबदल वेगळा; त्याला विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत लागते.

सोबत लायसन्स आणि शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट किंवा आधार यांची प्रत जोडा. पण सगळ्या कागदांवर स्पेलिंग एकच हवं. आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरं असेल, तर अर्ज तिथेच अडतो. आधी तो कागद दुरुस्त करून घ्या.

नुसतं पत्र मात्र पुरत नाही. सारथी पोर्टलवर नावदुरुस्तीचा अर्ज भरून शुल्क भरावं लागतं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.