सेशन कुठे ठेवायचं? लोड बॅलन्सरमागचे काही गैरसमज

गव्हाणमध्ये घरच्या वायफायवर एक मुलगी कॉलेजप्रवेशाचा अर्ज भरतेय. दोन पानं भरून झाली आणि बाहेर रिक्षा आली. फोन हातात धरूनच ती उलव्याच्या दिशेने निघाली. वायफाय सुटलं, मोबाइल डेटा सुरू झाला. तिसऱ्या पानावर 'पुढे' दाबलं तर समोर आलं, 'पुन्हा लॉगिन करा'. नेटवर्कला बोल लावून ती पहिल्यापासून सुरुवात करते. पण चूक नेटवर्कची नसते, साइट उभी करणाऱ्यांची असते.

अशा साइटमागे समजा तीन सर्व्हर आहेत आणि पुढे काम वाटून देणारा लोड बॅलन्सर. तुम्ही कोण, लॉगिन केलंय का, ही नोंद म्हणजे सेशन. ही नोंद एकाच सर्व्हरच्या पोटात असेल तर तुमची प्रत्येक विनंती त्याच सर्व्हरकडे जायला हवी. या बांधिलकीला स्टिकी सेशन म्हणतात.

गैरसमज: आयपी पत्त्यावरून बांधलं की माणूस बांधला गेला.

एनजिनएक्समध्ये ही सोय एका ओळीची आहे, म्हणून ती सर्रास वापरली जाते:

```nginx
upstream arj {
    ip_hash;
    server 10.0.0.11;
    server 10.0.0.12;
    server 10.0.0.13;
}
```

पण पत्ता म्हणजे माणूस नव्हे. वायफायवरून मोबाइल डेटावर गेल्यावर त्या मुलीचा पत्ता बदलला, ती दुसऱ्या सर्व्हरकडे गेली आणि तिथे तिची नोंदच नव्हती. याच्या उलटही घडतं. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे ठेवतात. शिवाय `ip_hash` आयपीव्ही४ पत्त्याचे पहिले तीनच आकडे पाहतं, म्हणजे 203.0.113.7 आणि 203.0.113.90 त्याच्या लेखी एकच. शेवटच्या तारखेला गावातली पोरं एकाच कंपनीच्या सिमवरून अर्ज भरायला बसली, तर बरीचशी एकाच सर्व्हरवर आदळू शकतात आणि बाकीचे दोन रिकामे बसतात. हे ओळखायला लॉगमध्ये `$upstream_addr` छापा. कोणत्या सर्व्हरकडे किती विनंत्या गेल्या ते लगेच दिसतं.

गैरसमज: कुकीने बांधलं की प्रश्न मिटला.

पत्त्याचा प्रश्न मिटतो, हे खरं. सर्व्हरची खूण ब्राउझरमधल्या कुकीत असल्याने पत्ता बदलला तरी माणूस जागेवर पोचतो. पण सेशन अजून त्या एका सर्व्हरच्याच मेमरीत आहे. नवा कोड चढवायला तो बंद करून चालू केला की त्याच्यावरचे सगळे लोक बाहेर, तिघांत साधारण एक. गर्दी वाढली म्हणून चौथा सर्व्हर जोडला, तरी आधी आलेले लोक जुन्या तिघांनाच चिकटून राहतात. नव्याकडे फक्त नवे येतात, आणि गुदमरलेला सर्व्हर गुदमरलेलाच राहतो.

गैरसमज: सेशन वेगळ्या ठिकाणी ठेवलं तर साइट मंदावते.

सेशन रेडिससारख्या मध्यवर्ती जागी ठेवलं की कोणताही सर्व्हर कोणाचंही काम करू शकतो. स्टेटलेस सर्व्हर म्हणतात तो हाच. सेशन असतंच, फक्त सर्व्हर ते स्वतःजवळ ठेवत नाही. त्यासाठी दर विनंतीला एक फेरी जास्त होते, पण एकाच डेटा सेंटरात ती साधारण एका मिलिसेकंदाच्या आत उरकते. जागाही फार लागत नाही. प्रत्येकी 2 केबी धरलं तर 10,000 लोकांची सेशन्स सुमारे 20 एमबी होतात.

गैरसमज: रेडिस आलं की काळजी संपली.

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. पहिली गोष्ट, आता सगळ्यांचं लॉगिन एका जागी आहे. ती जागा पडली तर सगळेच अडकतात, म्हणून रेडिसची दुसरी प्रत चालू ठेवावी लागते. ती प्रत किंचित मागून येते, त्यामुळे अदलाबदलीत अगदी शेवटच्या काही नोंदी हरवू शकतात.

दुसरी गोष्ट लवकर लक्षात येत नाही. सेशन आणि कॅशे एकाच रेडिसमध्ये असतील आणि `maxmemory-policy` `allkeys-lru` असेल, तर मेमरी भरल्यावर रेडिस सेशनही फेकून देतं. कुठे एरर येत नाही. लोक मात्र अधूनमधून बाहेर पडतात. `INFO stats` मधला `evicted_keys` आकडा वाढताना दिसला की समजावं. सेशनला वेगळं रेडिस द्यावं आणि धोरण `noeviction` ठेवावं. मग मेमरी भरली तर निदान एरर तरी दिसेल.

पीएचपी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. फाइलमध्ये सेशन असताना पीएचपी तिला कुलूप लावतं. रेडिसच्या phpredis हँडलरमध्ये ते मुळात बंद असतं. फोटो अपलोड आणि आपोआप होणारं सेव्ह एकाच वेळी चाललं, तर नंतर संपणारी विनंती आधीच्या विनंतीने लिहिलेलं पुसून टाकते. `redis.session.locking_enabled = 1` केलं की हे थांबतं.

आणि अर्धा भरलेला अर्ज मुळात सेशनमध्ये ठेवूच नये. प्रत्येक पान भरलं की ते डेटाबेसात जावं. सेशनमध्ये फक्त ओळख राहावी. मग रेडिस पडलं तर त्या मुलीला पुन्हा लॉगिन करावं लागेल, पण तिची भरलेली दोन पानं तिला जशीच्या तशी सापडतील.