वर्गमित्र पुढे गेले, म्हणून आपण मागे पडलो का?

सोलापुरातील एक तरुण माझ्याकडे आला होता. वय २६. वडील यंत्रमागावर कामाला. बी.एस्सी. होऊन चार वर्षे राज्यसेवेची तयारी सुरू आहे. रात्री मोबाइलवर वर्गमित्रांचे स्टेटस पाहतो. एक हिंजवडीत नोकरीला, दुसऱ्याने फ्लॅट घेतलेला. मग छातीत धडधड सुरू होते, पुस्तक मिटते.

टाटा-बिर्लांची श्रीमंती पाहून त्याची झोप उडत नाही, बाकावरच्या मित्राचा फ्लॅट पाहून उडते. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हेच मांडले: माणूस आपले मोजमाप आपल्यासारख्याच माणसांशी करतो. पण बाक एक असला तरी घर एक नव्हते. कोणाच्या मागे वडिलांची पेन्शन होती, कोणाच्या मागे बहिणीच्या लग्नाचे कर्ज. स्टेटसमध्ये ते दिसत नाही.

अशा वेळी बाबासाहेबांची १९१७ ते १९२३ ही वर्षे आठवावीत. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून १९१७ मध्ये परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले. १९२० मध्ये ती शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. मधली तीन वर्षे वाया गेली नव्हती, त्यांनीच पुढचा खर्च उभा केला. त्यांनी एकच मुदत पाळली, ती खरी होती.

आम्ही त्या तरुणासोबत कागदावर दोन रकाने केले. पहिल्यात खऱ्या मुदती: जाहिरातीतील वयोमर्यादा, वडिलांचे हात किती वर्षे चालतील, हप्ते कधी फिटतील. दुसऱ्यात लोकांच्या मुदती: ‘पंचविशीत नोकरी’, ‘तिशीत फ्लॅट’. दुसरा रकाना खोडला. पहिल्यात अडचण दिसली. वयोमर्यादा लांब होती, पण घरखर्च दोन वर्षांपलीकडे निघणार नव्हता. म्हणून ठरले: सकाळी अभ्यास, दुपारनंतर क्लासमध्ये शिकवणे, आणखी दोन प्रयत्न. आता तुलना मित्राशी नाही, स्वतःच्याच मागच्या सराव परीक्षेच्या गुणांशी. सलग तीन चाचण्यांत गुण हलले नाहीत, तर पद्धत बदलायची. दोन प्रयत्नांनंतर पूर्वपरीक्षाही निघाली नाही, तर मार्ग बदलायचा. आपली गती म्हणजे निवांतपणा नव्हे, हे इथे कळते.

कागदाने सगळेच सुटत नाही. दोन आठवडे झोप-जेवण बिघडले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोला. सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.